शब्द ज्याचे त्याचे, वाक्य सगळ्यांचं

आधी तीन वाक्यं वाचा. शक्यतो मोठ्यानं.

पाला जरा काट के ले के आया.
पाला जरा कापून घेऊन आलो.
तप्ला जरा खोदी तगोंडी बैन.

पहिलं उर्दू, दुसरं मराठी, तिसरं कन्नड. अर्थ एकच: थोडा पाला कापून आणला. आता एकेका वाक्यावर बोट ठेवून मोजत जा. पाला, पाला, तप्ला. जरा, जरा, जरा. काट-के, काप-ऊन, खोद-ई. ले-के, घे-ऊन, तगोंड-ई. आणि शेवटी येण्याचं क्रियापद. शब्द बहुतेक वेगळे आहेत, पण ते ज्या जागी बसले आहेत त्या जागा तंतोतंत एकच. एका भाषेतला शब्द काढून त्याच जागी दुसऱ्या भाषेतला ठेवत गेलं की भाषांतर झालं. क्रम बदलायला नको, कुठला प्रत्यय जास्त नको की कमी नको.

ही वाक्यं सांगलीजवळच्या कुपवाडची. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी ती 1971 मध्ये एका लेखात छापली. इंग्रजीत त्यांनी गावाचं नाव 'कुपवार' असं लिहिलं आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत ते तसंच रूढ झालं. भाषासंपर्कावरचं पाठ्यपुस्तक उघडलं की बाल्कन देशांच्या शेजारी हे गाव भेटतं. मी मिरजेत वाढलो, कुपवाड म्हणजे सायकलवर जाण्याइतकं जवळ; पण माझ्या लहानपणी कुपवाड म्हटलं की एमआयडीसी एवढंच डोळ्यांपुढं यायचं. हा लेख माझ्या हाती फार उशिरा पडला, तोही पुण्यात.

गम्पर्झ-विल्सन तिथं गेले तेव्हा कुपवाड तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं. जमीनदार जैन घरात कन्नड बोलत, कारागीर लिंगायतही कन्नड. दुसरे जमीनवाले मुसलमान शेतकरी, त्यांच्या घरी उर्दू. दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरी मराठी. दोर वळणाऱ्यांची थोडी घरं तेलुगू. कन्नड आणि मराठी बोलणारे तिथं सहाशेहून अधिक वर्षं नांदत आलेले, उर्दू बोलणारे तीन-चारशे वर्षं. गावातला जवळजवळ प्रत्येक पुरुष दोन किंवा तीन भाषा बोलायचा. कुठली भाषा कुठं हेही ठरलेलं होतं: उंबऱ्याच्या आत आपली, शेतावर, चावडीवर, पारावर ज्याच्याशी गाठ पडेल त्याप्रमाणे. दोन वेगळ्या घरांतली माणसं भेटली की बहुतेक वेळा मराठी. मराठी कशाला, तर गावातल्या दोन्ही वजनदार गटांपैकी ती कुणाचीच घरची नव्हती. जैनानं मुसलमानाशी कन्नडमध्ये बोलायचं तर 'माझी भाषा तू बोल' असं होतं, उर्दूत बोलायचं तर उलटं. मराठीत कुणाचाच कमीपणा नाही. ज्यांची ती घरची भाषा होती त्यांची गावात सत्ता नव्हती, म्हणून ती सगळ्यांना चालली. हे वाचताना जरा टोचतं, पण कारण तेच होतं.

आता एक माणूस सकाळी घरी कन्नड, दिवसभर शिवारात मराठी आणि मधूनच उर्दू असं रोज, जन्मभर बोलतो. त्याचे वडील तसंच करत होते, आजोबाही. अशा माणसाच्या डोक्यात दोन-तीन व्याकरणं वेगवेगळी ठेवणं हे कष्टाचं काम. शब्द वेगळे ठेवणं त्या मानानं सोपं, कारण शब्द कानाला लगेच कळतो. कुणी काय बोलतंय ते शब्दांवरूनच ओळखू येतं. वाक्याची ठेवण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शब्द जागच्या जागी राहिले आणि ठेवण हळूहळू एक होत गेली.

कशी एक होत गेली ते एका ठिकाणी थांबून बघण्यासारखं आहे. लिंगाचं उदाहरण घेतो.

प्रमाण मराठीत पूर आला की आपण म्हणतो, 'तिथं नदी आली'. नदी स्त्रीलिंगी. मराठीत भिंत ती, खांब तो, घर ते. यात कारण शोधायला जाऊ नये, पाठ करावं. हिंदी-उर्दूतही हाच प्रकार, फक्त तिथं नपुंसकलिंग नाही. कन्नडचा हिशेब अगदी सरळ आहे. पुरुष असेल तर पुल्लिंग, बाई असेल तर स्त्रीलिंग, बाकी झाडून सगळं नपुंसक. नदी, भिंत, खांब, पाऊस, सगळं 'ते'. शेजारी राहणाऱ्या दोन पद्धतींपैकी एक शिकायला अवघड, दुसरी सोपी. कुपवाडात सोपी जिंकली. तिथल्या मराठीत लेखकांना ऐकू आलं, 'तिथं नदी आलं'. उर्दूत नपुंसकलिंग नाही, मग तिनं काय करावं? तिनं पुल्लिंगाचं रूप सगळ्या वस्तूंना लावलं: 'नदी आया'. म्हणजे शब्द मराठीच, प्रत्यय मराठीच, पण कुठला प्रत्यय कुठं लावायचा याचा निर्णय कन्नड पद्धतीनं. 'नदी आलं' ऐकलं की शहरी माणूस म्हणणार, अडाणी बोलणं. पण या चुकीमागे पक्का नियम आहे. हा माणूस 'बाई आलं' म्हणत नाही. 

यावरून कुणाला वाटेल की कन्नड बोलणारे जमीनदार, म्हणून बाकीचे त्यांच्याकडे झुकले. तसं नाही. कन्नडही झुकली. प्रमाण कन्नडमध्ये 'तुमचं घर' याला 'निम्म मने' म्हणतात, पण 'हे घर तुमचं आहे' म्हणायचं तर 'ई मने निम्मदु'. दोन गोष्टी बघा. नामाच्या आधी 'निम्म' आणि वाक्याच्या शेवटी 'निम्मदु', अशी रूपं वेगळी. आणि 'आहे' हे क्रियापद नाहीच, त्याची गरजही नाही. मराठीत आणि उर्दूत तसं नाही. 'तुमचं घर', 'हे घर तुमचं आहे'. 'तुम्हारा घर', 'ये घर तुम्हारा है'. रूप एकच आणि शेवटी 'आहे' हवंच. कुपवाडच्या कन्नडनं दोन्ही बाबतींत मराठी-उर्दूची वाट धरली. 'निम्द मनी' आणि 'ई मनी निम्द एती'. रूप एक झालं, आणि वाक्याच्या शेवटी 'एती' म्हणजे 'आहे' येऊन बसलं. 'एती' हा शब्द अस्सल कन्नड आहे, कुणाकडून उसना घेतलेला नाही. काम मात्र शेजाऱ्याचं करतो.

उर्दूही बदलली. हिंदी-उर्दूत हो-नाही असा प्रश्न विचारायचा तर 'क्या' पुढं येतं. मराठीत 'काय' शेवटी जातं, कन्नडमध्येही प्रश्नाची खूण शेवटीच. कुपवाडच्या उर्दूतलं 'क्या'ही शेवटी गेलं. यात नवल वाटू नये, हैदराबादपासून मिरजेपर्यंत दख्खनी बोलणारा कुणीही 'आते क्या' असंच विचारतो. आणि मुंबईची हिंदी? तिनंही 'आएगा क्या' हेच उचललं.

'शेजारपणानं भाषा सारख्या होतात' असं मोघम म्हटलं की वाटतं, मोठी भाषा लहानीला गिळते. इथं तसं घडलेलं नाही. तिघींनी थोडं थोडं सोडलं, आणि प्रत्येक ठिकाणी जी ठेवण तिघींना झेपणारी होती ती टिकली.

मग शब्द का नाही मिसळले? हा प्रश्न गम्पर्झ-विल्सननाही पडला होता, आणि त्यांचं उत्तर मला पटतं. जैन घरातल्या पोरानं घरात उर्दू शब्द वापरायला सुरुवात केली तर आजी विचारणार, कुठं शिकलास हे? घरची भाषा म्हणजे कूळ, सोयरीक, देवघर. ती वेगळी दिसलीच पाहिजे, कारण गावात कोण कुणाचं हे तिच्यावरून कळतं. म्हणून शब्द राखले. 'जरा'सारखा फारसीच्या वाटेनं आलेला शब्द चालला, कारण तो कुणा एकाचा नव्हता.

असं जगात दुसरीकडेही, बाल्कन देशांत, झालंय आणि ते फार आधी ओळखलं गेलं. 1829 मध्ये येर्नेई कोपितार या स्लोव्हेन विद्वानानं आल्बेनियन, बल्गेरियन आणि रुमेनियन यांच्याबद्दल लिहिलं होतं की त्यांचं रूप एकच, फक्त द्रव्य तीन प्रकारचं. या तीन भाषा इंडो-युरोपीय कुळाच्याच, पण अगदी वेगळ्या शाखांच्या. तरी तिन्हींत इंग्रजी 'द' सारखं उपपद नामाच्या मागं चिकटतं, आणि शब्दशः 'मला जाणं पाहिजे' असं म्हणण्याऐवजी 'पाहिजे की मी जावं' अशा धाटणीनं बोलतात. पुढं निकोलाय त्रुबेत्स्कोय या रशियन भाषाशास्त्रज्ञानं अशा भाषासमूहाला नाव दिलं आणि 1928 मध्ये द हेगच्या भाषाशास्त्र परिषदेत ते मांडलं. कूळ म्हणजे रक्ताचं नातं, आणि हा दुसरा गट म्हणजे शेजारपणाचं. मराठीत त्याला भाषिक क्षेत्र म्हणतात.

बाल्कनबद्दल एवढंच. माझा जीव आपल्या बाजूच्या गोष्टीत अडकला आहे, कारण कुपवाड ही त्या गोष्टीची फक्त जवळून दिसणारी आवृत्ती आहे. आपल्या मराठीला कधी कन्नडचा वारा लागला नाही असं ज्यांना वाटतं, त्या पुण्या-नाशिकच्या मराठीतही तेच घडून बसलेलं आहे, फक्त इतकं जुनं की आता ते मराठीच वाटतं.

'म्हणून' घ्या. 'पाऊस येणार म्हणून छत्री घेतली.' 'सखाराम म्हणून एक माणूस होता.' 'तो येतो म्हणून म्हणाला.' तीन वाक्यं, तीन वेगळी कामं: कारण सांगणं, नाव सांगणं, कुणाचं बोलणं सांगणं. आणि तिन्ही कामांना 'म्हणणे' या एकाच क्रियापदाचं एकच रूप. आता मिरजेच्या मंडईतली एखादी सीमेकडची बाई आठवा, माळवं विकणारी. माझ्या आठवणीत अशी एक आहे. आम्ही तिला अक्का म्हणायचो. मराठी गिऱ्हाइकाशी मराठी, कागवाडकडून आलेल्या बाईशी कन्नड, आणि शेजारच्या गाड्यावरच्या चाचाशी त्याचं ऐकून त्याच्यासारखं. वांगी तोलता तोलता ती तिघांशी एकाच दमात बोलायची, आणि मला लहानपणी वाटायचं की ही किती हुशार, तीन तीन भाषा. तिच्या कन्नडमध्ये सारखा 'अंत' ऐकू यायचा. सखाराम अंत एक माणूस. पाऊस येतो अंत छत्री. तो येतो अंत म्हणाला. 'अंत' हे कन्नडमधल्या 'अन्नु' म्हणजे 'म्हणणे' या धातूचंच रूप. मराठी 'म्हणून' जिथं जिथं जातं तिथं तिथं कन्नड 'अंत' जातो. तेलुगूत त्याच कामाला 'अनि' आहे, तमिळमध्ये 'एन्ड्रु'. तीही 'म्हणणे' या अर्थाचीच रूपं. 

आता हिंदीकडे वळा. 'सखाराम नाम का एक आदमी'. 'बारिश आएगी, इसलिए'. 'उसने कहा कि'. तीन कामांना तीन वेगळी साधनं. हिंदी मराठीची सख्खी बहीण आणि कन्नड दुसऱ्या, द्रविड कुळातली शेजारीण. पण या बाबतीत मराठी बहिणीसारखी नाही, शेजारणीसारखी वागते. आणि मुंबईची हिंदी? ती म्हणते, 'सलीम करके एक लडका आया था'. दख्खनीत 'बोलके'. शब्द हिंदीचाच, काम 'म्हणून'चं. मुंबईत हे घडायला शेकडो वर्षं लागलेली नाहीत.

इथं एक सावधगिरी पाळावी लागते, आणि मला वाटतं हौशी लोक तिथंच घसरतात. दोन शेजारी भाषांत एखादी गोष्ट सारखी दिसली म्हणजे ती संपर्कानंच आली असं नाही. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1956 मध्ये 'भारत: एक भाषिक क्षेत्र' या अर्थाचा जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात कसोटी स्पष्ट आहे. गोष्ट एकाहून जास्त कुळांतल्या शेजाऱ्यांत असली पाहिजे आणि त्यातल्या निदान एका कुळाच्या दूरच्या नातेवाइकांत नसली पाहिजे. सख्ख्या बहिणीकडे नाही, शेजारणीकडे आहे, मग शेजारणीकडून आली म्हणता येईल. एमेनो हे काही कागदावरचे विद्वान नव्हते. निलगिरीतल्या तोडा आणि कोटा भाषांवर त्यांनी तिथं राहून काम केलं, आणि यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोलामीचं व्याकरणही त्यांनीच लिहिलं. कोलामी द्रविड कुळाची आणि मराठीच्या वेढ्यातली, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.

'आपण' आणि 'आम्ही' या कसोटीवर घासून बघू. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं की समोरचा समजतो, त्याला बोलावणं नाही. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की तो चप्पल घालतो. हा फरक मराठीत इतका खोल रुजलाय की 'आम्ही' आणि 'आपण' चुकलं तर माणूस दुखावतो. हिंदीत दोन्हीला 'हम'. संस्कृतातही एकच 'वयम्'. इराणी भाषांत नाही, युरोपातल्या कुठल्या नात्यातल्या भाषेत नाही. तमिळमध्ये 'नाम' आणि 'नांगळ', तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु'. गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे'. म्हणजे दक्षिणेकडून गुजरात-राजस्थानपर्यंत पट्टा सापडतो, वर गेलं की संपतो. कसोटी पूर्ण. शिवाय 'आपण' घडलंय कशातून, तर संस्कृत 'आत्मन्' पासून, 'स्वतः' या अर्थाच्या शब्दातून. कापड घरचं, शिवण शेजारची. कुपवाडच्या उर्दूतही हाच भेद आलेला लेखकांनी नोंदवलाय, 'हम' आणि 'अपुन' असा. तिनं तो मराठीकडून घेतला.

आणि इथंच एक गुंता आहे, जो मला फार आवडतो. मराठीची सगळ्यात जवळची द्रविड शेजारीण कन्नड, पण आजच्या कन्नडमध्ये हा भेद नाही. दोन्हीला 'नावु'. मग मराठीला तो कुणी दिला? तमिळनं दिला असं म्हणावं तर तमिळ लांब. तेलुगू शेजारीण आहे खरी, पण फक्त पूर्वेकडे. उत्तर असं की जुन्या कन्नडमध्ये या भेदाच्या खुणा आहेत, नंतर तो तिथून गेला. म्हणजे देणारी ठेव विसरली आणि घेणारीनं जपली. दुसरी शक्यता अशी की आज जिथं मराठी बोलतात त्या मुलखात कधीकाळी द्रविड बोलणारे लोक होते आणि त्यांनीच पुढं मराठी आपलीशी केली. जुन्या बोलण्यातली सवय नव्या भाषेत आणली. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या उगमाबद्दल याच दिशेचा विचार मांडला, आणि गंमत अशी की त्यांचा लेख आणि कुपवाडवरचा लेख 1971 च्या एकाच पुस्तकात आहेत. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. शेजाऱ्याशी बोलून बदलणं वेगळं आणि स्वतःची भाषा टाकून दुसरी घेताना जुनी ठेवण बरोबर नेणं वेगळं. हजार-दीड हजार वर्षांनंतर मागं उरतं ते मात्र अगदी सारखं दिसतं. कुपवाडमुळे निदान पहिली वाट खरी असू शकते हे जिवंत गावात बघायला मिळालं.

'म्हणून'च्या बाबतीत तर भांडण अजून जुनं आहे. संस्कृतात 'इति' होतं, तेही बोलणं संपलं की मागं लागायचं. वेदातसुद्धा. कायपर या डच विद्वानांनी 1967 मध्ये म्हटलं की ट-ठ-ड सारखे मूर्धन्य वर्ण, 'करून-जाऊन' सारखी रूपं आणि हे 'इति', या तिन्ही गोष्टी द्रविड संपर्कातून ऋग्वेदकाळापर्यंत आत शिरलेल्या आहेत. हान्स हेन्रिक हॉक यांनी 1975 मध्ये याला चांगलाच आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच गोष्टी भाषेच्या आतून घडू शकतात, नात्यातल्या इतर भाषांतही त्यांचे अंकुर दिसतात, आणि त्या काळी शेजारी कोणती द्रविड भाषा कशी बोलली जात होती याचा पुरावाच हाती नाही. मी हॉकच्या बाजूला थोडा कलतो. ऋग्वेदाबद्दल फार छातीठोक बोलणाऱ्यांना कुपवाडची नोंदवही दाखवावी. तिथं कोण कुठं राहतं, कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं हे माहीत होतं, म्हणून निष्कर्षाला वजन होतं. 

तसंच 'करून'चं. कापून, घेऊन, आलो. क्रियांची माळ ओवायची आणि शेवटी एकच पूर्ण क्रियापद ठेवायचं, ही सवय काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत बहुतेक सगळ्यांना आहे, म्हणून ती भारताची खूण वाटते. कॉलिन मसिका यांनी 1976 मध्ये असल्या एकेका खुणेची हद्द नकाशावर काढून बघितली. हद्दी एकमेकींवर बसत नाहीत. 'करून'ची माळ तर हिमालयापाशी थांबत नाही, ती तुर्की, मंगोल करत जपानपर्यंत जाते. मग भाषिक क्षेत्राला कुंपण कुठं घालायचं? घालता येत नाही. कुठं खुणा दाट, कुठं विरळ, एवढंच. महाराष्ट्र हा त्या दाट भागांपैकी एक.

आमच्या भागातल्या एका खुणेबद्दल मला नेहमी विचारतात. कोल्हापुरी मुली 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात, त्याची पुण्यात थट्टा होते. कन्नडमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' याला एकच 'बंदे', तेव्हा हे कन्नडमुळेच, असं उत्तर तोंडावर येतं. मीही एकेकाळी बिनदिक्कत तेच द्यायचो. पण कसोटी लावली की ते डळमळतं. मराठीतच 'मी जाईन', 'मी जावं' यांत बाई-पुरुष फरक नाही; प्रथमपुरुषात बरीचशी रूपं आधीच सामाईक आहेत, उरलेली दोन-चार त्यांच्या ओढीनं सामाईक झाली असं का म्हणू नये? कन्नडचा हात असेलही, पण मग कन्नडशी संबंध नसलेल्या बोलीत असं होत नाही हे दाखवावं लागेल. ते तपासल्याशिवाय मी आता हे उत्तर देत नाही. कदाचित दोन्ही कारणं मिळून. आतून उतार होता आणि बाहेरून धक्का मिळाला. भाषासंपर्कात हेच जास्त वेळा घडतं, असं माझं मत.

आता कुपवाडचं काय? 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, भाषेच्या रेषेनं राज्यं पडली, आणि रेषेच्या अलीकडं मराठी ही फक्त पारावरची सोयीची भाषा राहिली नाही. ती तलाठ्याची, शाळेची, बँकेच्या स्लिपची झाली. कारखाने आले, बाहेरून माणसं आली. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी पुन्हा तिथं जाऊन काम केलं आणि 2016 मध्ये चाळीस वर्षांचा हिशेब मांडला. शब्दास शब्द ठेवला की भाषांतर, हे गम्पर्झ-विल्सनचं चित्र त्यांनी चिकित्सेला घेतलं. 

मला त्यात नवल वाटत नाही, दोन कारणांनी. एक, पहिल्या लेखातली ती तीन वाक्यं निवडून मांडलेली होती. गावात माणसं प्रत्येक वाक्य असं बोलत होती असं समजणं ही वाचणाऱ्यांची हौस. दुसरं, तो समतोल ज्याच्यावर उभा होता तेच गेलं. वजनदारांना परकी म्हणून सगळ्यांना चालणारी मराठी आता राज्यभाषा आहे. पोरानं शाळेत 'नदी आलं' लिहिलं की बाई लाल शाई मारतात. उर्दू शाळेत गेलेलं पोरगं पुस्तकी उर्दू शिकतं, घरी आजीच्या 'नदी आया'ला हसतं. तिघींनी थोडं थोडं सोडण्याचा व्यवहार संपला की एकीकडेच सगळा कल जातो.

आणखी एक गोष्ट त्या जुन्या लेखात वाचताना अडते. दोन-तीन भाषा बोलणारे म्हणून त्यात पुरुषांची नोंद आहे. चावडी, शेत, पार, सगळ्या पुरुषांच्या जागा. बायका? त्या पाणवठ्यावर, भांगलणीला, बाजारात कुठल्या भाषेत बोलत होत्या, त्यांच्या बोलण्यात 'ई मनी निम्द एती' होतं का? मिरजेच्या मंडईत तीन भाषांत तराजू धरणारी आमची अक्का मला आठवते तेव्हा वाटतं, निम्मा पुरावा तिच्याकडेच असणार. कुपवाडला आता कुणी टेपरेकॉर्डर घेऊन जाणार असेल तर सुरुवात सत्तरी ओलांडलेल्या बायकांपासून करावी, आणि तेही लवकर.